नोटीस फलकावरचे तीस दिवस

'कोर्ट मॅरेज' हा शब्द व्यापारी घरांत अजूनही दबक्या आवाजातच उच्चारला जातो, आणि त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र बहुधा चुकीचे असते. या विवाहात न्यायालय नसते, न्यायाधीश नसतो, वकील नेमण्याची सक्तीही नसते. विवाह लागतो तो शासनाने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर, आणि त्याचा आधार असतो १९५४ चा विशेष विवाह अधिनियम. हा विवाह एका रात्रीत उरकताही येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, तीस दिवस तेथे राहते, आणि त्या अवधीत कोणाही व्यक्तीला त्या विवाहास हरकत घेता येते. मुलांच्या दृष्टीने हे तीस दिवस धास्तीचे असतात, तर आईवडिलांना ती लग्न थांबवण्याची अखेरची संधी वाटते. कायद्याला या अवधीत नेमके काय अभिप्रेत आहे, याबाबत दोन्ही पक्षांचा गैरसमज असतो.

हा मार्ग कोणाला घ्यावा लागतो, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. जैन मुलीने हिंदू, बौद्ध वा शीख मुलाशी विवाह केला, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो, कारण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा विवाहाला नोटीस, फलक, तीस दिवस यांपैकी काहीही लागत नाही. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून, आता हिंदू विवाह कायदा जैनांना लागू नाही, असा समज काही ठिकाणी पसरला. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने तर त्या आधारावर जैन दांपत्याचा घटस्फोटाचा अर्जही फेटाळला होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि जैनांना हा कायदा लागू आहे, हे निःसंदिग्ध केले. जोडीदार ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी वा ज्यू असेल आणि दोघांनाही आपापला धर्म राखायचा असेल, तेव्हाच विशेष विवाह अधिनियमाची वाट धरावी लागते.

'आपापला धर्म राखायचा असेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १८७२ मध्ये इंग्रज सरकारने असाच एक कायदा केला होता. त्यानुसार विवाह करू इच्छिणाऱ्याला आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. विवाहासाठी जैनत्व नाकारावे लागण्याची ती अट होती. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या आपसातील विवाहापुरती ती सैल झाली आणि १९५४ च्या कायद्याने ती पूर्णपणे नाहीशी केली. आज या कायद्याखाली ख्रिस्ती मुलाशी विवाह करणारी जैन मुलगी कायद्याच्या दृष्टीने जैनच राहते. तिने धर्म सोडल्याचे प्रतिज्ञापत्र कोणी मागत असेल, तर ती मागणी या कायद्याची नव्हे.

तीस दिवसांची वाट नको म्हणून काही जण आडवाट धरतात. एखाद्या मंदिरात हार घालून, सप्तपदी उरकून 'त्याच दिवशी प्रमाणपत्र' मिळवून देणारे मध्यस्थ शहरोशहरी असतात. हा मार्ग फसवा आहे. हिंदू विवाह कायद्याखालील विवाहात दोन्ही पक्ष त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात, म्हणजे हिंदू, जैन, बौद्ध वा शीख. एक पक्ष ख्रिस्ती असताना हिंदू पद्धतीने लागलेला विवाह मुळातच शून्यवत असतो आणि त्याची नोंदणी झाली तरी तो वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. प्रमाणपत्र हातात असते, पण विवाह नसतो. हे पुष्कळदा वर्षांनंतर, वारसाहक्काचा वा पोटगीचा प्रश्न निघाल्यावर ध्यानात येते.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया एका कल्पित पण अगदी संभाव्य उदाहरणातून पाहणे सोयीचे होईल. सांगलीच्या एका जैन व्यापारी कुटुंबातील सत्तावीस वर्षांची मुलगी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करते. तिचा सहकारी अहिल्यानगरचा, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. दोघांनी विवाहाचे ठरवले आहे. मुलीच्या घरी अंदाज आहे, पण बोलणे झालेले नाही.

नोटीस कोठे द्यायची, हा पहिला प्रश्न. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी निदान एक जण नोटिशीपूर्वी सलग तीस दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ती द्यावी लागते. मुलगी दोन वर्षे पुण्यात आहे, म्हणून पुणे चालते. पण ते कागदाने दाखवावे लागते, आणि बहुतेक अर्ज अडतात ते येथेच. आधारपत्रावर सांगलीचा पत्ता, पुण्याची खोली मैत्रिणीच्या नावावर, भाडेकरार कधी झालाच नाही, अशी स्थिती असेल तर अर्ज परत येतो. स्वतःच्या नावाचा भाडेकरार असला की हा प्रश्न सुटतो. वयासाठी जन्मदाखला वा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यावरील नाव आणि इतर ओळखपत्रांवरील नाव जुळत नसेल, तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावे लागते. पूर्वी विवाह झाला असेल, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची किंवा जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत द्यावी लागते. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून नोटिशीचा अर्ज भरण्याची सोय आहे. मात्र अर्ज घरबसल्या भरला, तरी पुढचे तीस दिवस टळत नाहीत.

समजा, ३ मार्चला नोटीस दिली गेली आणि त्याच दिवशी ती प्रसिद्ध झाली. अधिकारी तिची नक्कल विवाह नोटीस पुस्तकात उतरवून घेतो. ते पुस्तक कोणालाही, कसलेही शुल्क न देता, कार्यालयीन वेळेत पाहता येते. नोटिशीची प्रत कार्यालयातील ठळक जागी लावली जाते. तीत दोघांची नावे, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि पूर्वीच्या विवाहाबाबतची स्थिती असते. आणि येथे एक गोष्ट घडते, जिची मुलांना अनेकदा कल्पनाच नसते. मुलीचा कायमचा पत्ता सांगलीचा आणि मुलाचा अहिल्यानगरचा असल्याने नोटिशीच्या प्रती त्या दोन्ही जिल्ह्यांच्या विवाह अधिकाऱ्यांकडे जातात आणि तेथील फलकांवरही लागतात. खरेदीखताच्या वा इतर नोंदणीच्या कामासाठी तेथे गेलेल्या एखाद्या परिचिताची नजर फलकाकडे वळते, आणि संध्याकाळपर्यंत बातमी पेढीवर पोहोचते.

ही प्रसिद्धी असावी की नसावी, यावर न्यायालयांत बराच विचार झाला आहे. नोटीस मुलांच्या घरी टपालाने धाडण्याची पद्धत कायद्यात नाही आणि ती त्यांच्या खासगीपणावर घाला घालते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन, विवाहेच्छू जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी, असा निर्णय दिला. तो निर्णय त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रापुरता आहे. कायद्यातील कलम तसेच आहे आणि महाराष्ट्रात नोटीस फलकावर लागते, हे गृहीत धरूनच चालावे लागते. म्हणून आपल्या घरी ही बातमी आपल्याच तोंडून कळावी असे ज्यांना वाटते, त्यांनी ३ मार्चच्या आधी बोलणे बरे.

बातमी सांगलीला पोहोचली. २० मार्चला मुलीचे काका पुण्याच्या कार्यालयात येऊन लेखी हरकत नोंदवतात. त्यांची कारणे तीन आहेत. मुलगा परधर्मीय आहे. आईवडिलांची संमती नाही. आणि दोन वर्षांपूर्वी मुलीचा साखरपुडा अन्यत्र झालेला आहे, त्यामुळे ती मोकळी नाही. हरकत कोणीही घेऊ शकतो. तो नातेवाईकच असावा, अशी अट नाही. अधिकारी हरकतीचे स्वरूप नोटीस पुस्तकात नोंदवतो, हरकतदाराला ते वाचून दाखवतो आणि त्याची सही घेतो. ही सही केवळ उपचार नव्हे. आपण लिहून दिलेल्या विधानांची जबाबदारी त्या सहीबरोबर येते.

या हरकतींचे काय होते, ते समजण्यासाठी कायद्याचे चौथे कलम पाहावे लागते, कारण हरकत फक्त त्या कलमातील अटींच्या आधारेच घेता येते. ते कलम मुख्यतः चारच गोष्टी विचारते. दोघांपैकी कोणाचा आधीचा पती वा पत्नी हयात आहे काय? दोघेही मानसिकदृष्ट्या वैध संमती देण्यास आणि विवाहास समर्थ आहेत काय? मुलाने एकवीस आणि मुलीने अठरा वर्षे पूर्ण केली आहेत काय? आणि दोघे कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या जवळच्या नात्यातील तर नाहीत ना? धर्म कोणता, जात कोणती, आहार काय, घरची संमती आहे की नाही, हे त्या कलमात कोठेही विचारलेले नाही.

काकांची पहिली दोन कारणे येथेच संपतात. परधर्मीय असणे ही हरकत होऊ शकत नाही. दोन धर्मांच्या व्यक्तींना विवाह करता यावा, हा तर या कायद्याचा हेतूच आहे. संमतीचा प्रश्न अज्ञानाच्या बाबतीत उद्भवला असता, पण सत्तावीस वर्षांच्या मुलीला कोणाच्याही संमतीची आवश्यकता नाही. तिसरे कारण वरवर पाहता चौथ्या कलमात बसल्यासारखे दिसते, म्हणून त्याची चौकशी होते. पण साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. साखरपुडा मोडल्याने दोन घरांत देण्याघेण्याचा वाद होऊ शकतो, दुखावलेली मनेही राहतात. परंतु कायदा विचारतो तो हयात पती वा पत्नीचा प्रश्न, आणि वाग्दत्त वर हा पती नसतो.

चौकशीसाठी विवाह अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. तो साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेऊ शकतो. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. हरकतीच्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत निर्णय द्यावा लागतो. म्हणजे या उदाहरणात १९ एप्रिलपर्यंत. समजा, ६ एप्रिलला त्याने हरकत फेटाळली. हरकत वाजवी नव्हती आणि ती सद्भावनेने घेतलेली नव्हती, असे त्याला दिसले तर तो हरकतदाराला एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. ही रक्कम १९५४ मध्ये ठरली आणि आज ती नाममात्र वाटते. तरी 'सद्भावनेने घेतलेली नाही' ही नोंद सरकारी दप्तरात आपल्या नावापुढे राहणे, हे पतीवर चालणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला रुचणारे नाही. हरकतदाराला ती स्वतःहून मागेही घेता येते. उलट, अधिकाऱ्याने हरकत मान्य करून विवाह नाकारला, तर दोघांपैकी कोणालाही तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते आणि त्या न्यायालयाचा निर्णय अंतिम असतो.

यावरून हे कलम आईवडिलांच्या विरुद्धच आहे, असे वाटेल. तसे नाही. याच उदाहरणात वेगळी शक्यता घेऊ. मुलाचा पूर्वी विवाह झालेला आहे, घटस्फोटाचा दावा चालू आहे, पण हुकूमनामा अद्याप झालेला नाही, आणि नोटिशीत मात्र त्याने स्वतःला अविवाहित लिहिले आहे. ही गोष्ट काकांनी शोधून, पहिल्या विवाहाच्या दाखल्यासह अधिकाऱ्यापुढे ठेवली, तर विवाह थांबतो आणि तो थांबलाच पाहिजे. पहिली पत्नी हयात असताना लागलेला दुसरा विवाह शून्यवत असतो, आणि त्याची झळ मुलीलाच बसली असती. म्हणजे हे तीस दिवस विवाह रोखण्यासाठी नसून फसवणूक उघडकीस येण्यासाठी आहेत. ज्या पित्याला खरोखर चिंता आहे, त्याने नोटिशीतील 'अविवाहित', 'घटस्फोटित', 'विधुर' या शब्दाकडे पाहावे आणि त्यामागचा कागद आहे की नाही, याची खातरजमा करावी. पेढीवर नव्या गिऱ्हाइकाला उधारी देताना जेवढी चौकशी होते, तेवढी येथे केली तर ती मुलीच्याच हिताची ठरते.

हरकत फेटाळली गेली. प्रसिद्धीपासूनचे तीस दिवस २ एप्रिललाच संपले होते, तेव्हा ६ एप्रिलनंतर विवाह लागू शकतो. पण उशीरही करता येत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह लागला नाही, तर ती नोटीस रद्द होते. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. घरच्यांची समजूत घालण्यासाठी थांबलेली जोडपी या मुदतीत अनेकदा चुकतात, आणि मग नाव पुन्हा फलकावर लागते.

विवाहाच्या दिवशी दोघे आणि तीन साक्षीदार अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करतात. विधी कोणताही केला तरी चालतो, किंवा केला नाही तरी चालतो. एकच गोष्ट अनिवार्य आहे. अधिकारी आणि तिन्ही साक्षीदार ऐकत असताना, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, प्रत्येकाने दुसऱ्याला आपला कायदेशीर पती वा पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे म्हणायचे. ते म्हटल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. त्यानंतर प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते, आणि ते प्रमाणपत्र विवाहाचा निर्णायक पुरावा मानले जाते.

व्यापारी कुटुंबांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट याच दिवशी घडते, आणि तिची चर्चा फलकावरील नोटिशीच्या गलबल्यात हरवते. या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार, अविभक्त कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख वा जैन व्यक्तीने या कायद्याखाली विवाह केला, की ती त्या कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. दोन्ही पक्ष याच चार धर्मांपैकी असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे हा परिणाम होत नाही. परंतु जोडीदार ख्रिस्ती वा मुस्लिम असेल, तर होतो. २००५ पासून मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार असल्याने, हे कलम आता मुलांइतकेच मुलींनाही महत्त्वाचे झाले आहे.

या विभक्त होण्याचा अर्थ अनेक घरांत 'हक्क बुडाला' असा घेतला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे, तर हिस्सा वेगळा होणे. विवाहाच्या दिवशी कुटुंबाच्या सामायिक मिळकतीत मुलीचा जो वाटा असेल, तो तिचा स्वतःचा ठरतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, ती पूर्वीसारखीच वारस राहते. बदलते ते तिच्या स्वतःच्या मिळकतीचे भवितव्य. तिच्या मागे तिची मिळकत हिंदू उत्तराधिकार कायद्याने नव्हे, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने वाटली जाते. मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार पतीला एक-तृतीयांश आणि मुलांना उरलेले दोन-तृतीयांश मिळते.

म्हणून अविभक्त कुटुंबाच्या नावावर गोदाम, दुकानाची जागा वा ठेवी असतील, तर विवाहाच्या तारखेचा ताळेबंद करून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे. त्या दिवशी काय होते आणि त्यात कोणाचा किती भाग होता, हे आज लिहून ठेवले तर एका दिवसाचे काम आहे. पंधरा वर्षांनी भाव वाढल्यावर तेच शोधायला निघाले, की भावंडे न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. कर सल्लागार आणि वकील यांना एकत्र बसवून हे काम करावे. मुलीला आपला वाटा कुटुंबातच ठेवायचा असेल, तर तोही तिने स्वेच्छेने, योग्य तो दस्त नोंदवून ठेवावा. गप्प राहण्याला सोडचिठ्ठी मानू नये.

काकांनी २० मार्चला पुण्याला जाण्यात घालवलेला दिवस या ताळेबंदासाठी दिला असता, तर त्याचा उपयोग झाला असता. फलकावरच्या कागदाला चार प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली, की तो आपले काम संपवतो. उरलेले प्रश्न घरातले असतात, आणि ते विचारण्याची जागा विवाह अधिकाऱ्याचे नोटीस पुस्तक नव्हे.